|sin x| आणि sin²x यांचे आलेख: तळाशी कोपरा कुठे आणि गोलाई कुठे

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. |sin x| आणि sin²x यांचे आलेख हाताने कसे काढायचे? मला दोन्ही सारखेच दिसतात. दोघांचाही पिरिअड π येतो असे सांगतात, पण तो सिद्ध कसा करायचा? आणि ‘मॉड घेतला की पिरिअड निम्मा होतो’ हा नियम सगळीकडे चालतो का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही, तो नियम सगळीकडे चालत नाही. साईनच्या बाबतीत तो चालतो, आणि का चालतो हे कळले की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात.

सुरुवात नेहमीच्या y = sin x या वक्रापासून करावी. 0 ते π या पट्ट्यात हा वक्र X-अक्षाच्या वर असतो, π ते 2π या पट्ट्यात तो खाली असतो, आणि 2π नंतर हेच चित्र पुन्हा सुरू होते. या वर्णनात एक गोष्ट लपलेली आहे, जिच्याकडे बहुतेक विद्यार्थी लक्ष देत नाहीत. खालचा अर्धा भाग हा वरच्या अर्ध्या भागाचीच हुबेहूब प्रत आहे. ती π इतकी उजवीकडे सरकवलेली आणि उलटी केलेली आहे, एवढाच काय तो फरक. सूत्ररूपाने हेच असे लिहितात:

sin(x + π) = −sin x

म्हणजे π इतके पुढे गेल्यावर किंमत तीच राहते, फक्त चिन्ह बदलते. आता चिन्ह पुसून टाकणारी कोणतीही क्रिया या वक्रावर केली, तर π इतके पुढे गेल्यावर काहीच बदलणार नाही. केवलमूल्य, म्हणजे मॉड, घेणे ही चिन्ह पुसणारी एक क्रिया आहे आणि वर्ग करणे ही दुसरी.

प्रत्यक्ष आलेख काढताना प्रमाण विचारपूर्वक निवडावे, कारण दोन वक्रांतला फरक चुकीच्या प्रमाणामुळेच झाकला जातो. आलेख कागदावर X-अक्षावर १ सेंमी = π/6, म्हणजे ३०°, आणि Y-अक्षावर २ सेंमी = १ एकक असे प्रमाण घ्यावे. या प्रमाणात π साठी ६ सेंमी लागतात. खऱ्या समान प्रमाणात, म्हणजे दोन्ही अक्षांवर २ सेंमी = १ एकक घेतले असते, तर π साठी सुमारे ६.२८ सेंमी लागले असते. तेव्हा आपला आलेख किंचित दाबलेला असला, तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि मोजणी सोपी होते. Y-अक्षाचे प्रमाण ताणून चित्र उंच केले, की सगळेच वक्र उभट दिसू लागतात आणि तळाशी काय घडते ते कळेनासे होते.

आधी |sin x| घेऊ. पेन्सिलीने फिकट रेषेत −π पासून 2π पर्यंत sin x काढावा. ३०° ला उंची १ सेंमी, ६०° ला सुमारे १.७ सेंमी आणि ९०° ला २ सेंमी भरते. पुढे हीच मापे उलट्या क्रमाने येतात. आता अक्षाच्या वरचा भाग जसाच्या तसा ठेवावा आणि खालचा भाग X-अक्षात आरशासारखा परावर्तित करून वर घ्यावा. π ते 2π या पट्ट्यातली खोलगट बाजू आता उंचवटा होते आणि तो उंचवटा 0 ते π मधल्या उंचवट्यासारखाच असतो. −π ते 0 या पट्ट्याचेही तसेच. शेवटी फिकट रेषेतला खालचा भाग खोडून टाकावा.

इथपर्यंत सहसा चूक होत नाही. चूक होते ती दोन उंचवटे जिथे जोडले जातात तिथे, म्हणजे 0, π, 2π या बिंदूंपाशी. हात सवयीने तिथे गोलाई देतो आणि चित्र लाटांसारखे दिसू लागते. ते चूक आहे. sin x चा वक्र आरंभबिंदूतून जाताना त्याचा चढ बरोबर १ असतो, म्हणजे समान प्रमाणात तो अक्षाशी ४५° चा कोन करतो. परावर्तनानंतर आरंभबिंदूच्या उजवीकडे चढ +१ राहतो आणि डावीकडे तो −१ होतो. दोन बाजूंचे चढ वेगळे असल्यामुळे तिथे टोकदार कोपरा तयार होतो आणि समान प्रमाणात त्या कोपऱ्याचा कोन काटकोन असतो. पुढे तुम्ही विकलन शिकाल तेव्हा |sin x| हे फलन nπ या बिंदूंवर सलग आहे पण तिथे त्याचे विकलन होत नाही, असे वाक्य येईल. ते वाक्य म्हणजे हाच कोपरा.

याच्या उलट बाजूची चूकही वह्यांमध्ये दिसते. काही विद्यार्थी कोपरा दाखवण्याच्या नादात प्रत्येक उंचवटा अर्धवर्तुळासारखा काढतात. अर्धवर्तुळ अक्षापासून सरळ उभे वर निघते, तर आपला वक्र ४५° ने निघतो. शिवाय π इतक्या रुंदीच्या अर्धवर्तुळाची उंची सुमारे १.५७ आली असती, आणि इथे ती १ आहे. पहिल्या ३०° पर्यंत वक्र जवळजवळ सरळ रेषेत चढतो आणि खरा वाक माथ्याजवळ असतो, एवढे लक्षात ठेवले तरी आकार बरोबर येतो.

आता sin²x. इथे दोन वाटा आहेत आणि माझ्या मते दोन्ही एकदा तरी चालून पाहाव्यात. पहिली वाट थेट किमतींचा वर्ग करण्याची आहे. वरच्याच प्रमाणात x = π/6 ला किंमत ½ चा वर्ग, म्हणजे ¼, म्हणून उंची अर्धा सेंमी; π/4 ला किंमत ½, उंची १ सेंमी; π/3 ला ¾, उंची दीड सेंमी; π/2 ला १, उंची २ सेंमी. हे बिंदू |sin x| च्याच चित्रावर वेगळ्या रंगाने मांडून पाहावेत. 0 आणि १ यांच्या दरम्यानच्या कोणत्याही संख्येचा वर्ग त्या संख्येपेक्षा लहान असतो, त्यामुळे नवा वक्र सगळीकडे जुन्या वक्राच्या खाली राहतो आणि फक्त दोन प्रकारच्या ठिकाणी त्याला भेटतो: जिथे किंमत 0 आहे आणि जिथे ती १ आहे.

तळाशी काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. x = 0.1 रेडियन घेतला, तर sin x ची किंमत सुमारे 0.0998 येते आणि तिचा वर्ग सुमारे 0.00997. म्हणजे |sin x| जितका वर उचलला गेला, त्याच्या दहाव्या भागाइतकाच sin²x उचलला गेला. x = 0.01 ला हे प्रमाण शंभराव्या भागाच्या आसपास येते. आरंभबिंदूजवळ sin x साधारण x सारखा वागतो, म्हणून त्याचा वर्ग x² सारखा वागतो, आणि y = x² हा वक्र अक्षाला कसा अलगद टेकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा 0, π, 2π या बिंदूंपाशी sin²x चा वक्र आडवा होऊन अक्षाला स्पर्श करतो आणि गुळगुळीत वळून पुन्हा वर जातो. इथे कोपरा काढला तर ती चूक, आणि |sin x| मध्ये गोलाई काढली तरीही चूक. तुम्हाला दोन्ही आलेख सारखे वाटतात त्याचे कारण बहुधा हेच असावे, की दोन्हींचे तळ एकाच सवयीने काढले जात आहेत.

दुसरी वाट सूत्राची आहे आणि ती अधिक सांगून जाते:

sin²x = (1 − cos 2x) / 2

याचा अर्थ असा, की sin²x हा कोणी निराळा वक्र नाहीच; तो कोसाईनचाच वक्र आहे, फक्त दाबलेला, उलटा केलेला, वर सरकवलेला आणि निम्म्या उंचीचा. cos 2x काढावा, तो 0 ते π या अंतरात एक पूर्ण फेरा घेतो. चिन्ह बदलून तो उलटा करावा, मग त्यात १ मिळवून वर उचलावा. आता तो 0 पासून 2 पर्यंत जातो. शेवटी उंची निम्मी करावी. जो वक्र उरतो तो y = ½ या आडव्या रेषेभोवती वरखाली जातो, त्या रेषेपासून ½ वर आणि ½ खाली. म्हणून आलेख काढताना y = ½ ची तुटक रेषा आधी आखून घ्यावी, असे मी नेहमी सांगतो. वक्र ती रेषा π/4, 3π/4, 5π/4 या ठिकाणी ओलांडतो, आणि नेमक्या त्याच बिंदूंवर त्याचा वाक बदलतो: रेषेच्या खाली तो वाटीसारखा वर उघडा असतो, रेषेच्या वर घुमटासारखा. |sin x| च्या उंचवट्यात असा बदल कुठेच नाही, तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत घुमटच राहतो.

काढलेले चित्र बरोबर आहे की नाही हे तपासण्याची यातून एक सोपी कसोटी मिळते. y = ½ या रेषेच्या वर वक्राची किती रुंदी आहे ते मोजावे. |sin x| ती रेषा π/6 ला ओलांडून वर जातो आणि 5π/6 ला खाली येतो, म्हणजे आपल्या ६ सेंमीच्या पट्ट्यात तो ४ सेंमी वर असतो. sin²x मात्र π/4 ते 3π/4 एवढाच वर असतो, म्हणजे बरोबर ३ सेंमी. दोन्ही चित्रांत ही रुंदी सारखी भरली, तर कोणते तरी एक चित्र चुकले आहे.

हे दोन वक्र केवळ परीक्षेपुरते आहेत असेही नाही. आपल्या घरातल्या विजेचा दाब सेकंदाला ५० फेरे घेतो. चार डायोडच्या ब्रिजमधून तो नेला, की डायोडवर पडणारा थोडा दाब सोडल्यास बाहेर येणारा आकार |sin x| चा असतो, आणि साध्या तापणाऱ्या तारेत खर्च होणारी शक्ती sin²x प्रमाणे बदलते. दोन्ही बाबतींत चढउतार सेकंदाला १०० वेळा होतो, कारण आवर्तकाल, म्हणजे पिरिअड, २० मिलिसेकंदांवरून १० वर येतो.

आता आवर्तकाल सिद्ध करण्याकडे वळू. इथे एक पायरी गाळली जाते आणि तिचेच गुण जातात. f या फलनाचा आवर्तकाल म्हणजे अशी सर्वांत लहान धन संख्या T, की प्रत्येक x साठी f(x + T) = f(x) असते. या व्याख्येत ‘सर्वांत लहान’ आणि ‘प्रत्येक’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींची स्वतंत्र सिद्धता द्यावी लागते.

पहिला भाग सोपा आहे. |sin(x + π)| = |−sin x| = |sin x|, आणि sin²(x + π) = (−sin x)² = sin²x. हे कोणत्याही x साठी खरे आहे, म्हणून π इतके सरकल्यावर दोन्ही फलनांची पुनरावृत्ती होते. पण एवढ्यावर थांबले तर π हा आवर्तकाल आहे असे ठरत नाही. फक्त आवर्तकाल π पेक्षा मोठा नाही, एवढेच ठरते. असे तर 2π इतके सरकल्यावरही पुनरावृत्ती होते. ‘sin x चा आवर्तकाल 2π, म्हणून sin x × sin x चाही 2π’ असे लिहिणारा विद्यार्थी नेमका इथेच फसतो. त्याची संख्या चालते, पण ती सर्वांत लहान नाही.

दुसरा भाग असा. समजा T ही धन संख्या आहे आणि प्रत्येक x साठी f(x + T) = f(x) आहे. मग x = 0 साठीही ते खरे असलेच पाहिजे, म्हणून f(T) = f(0) = 0. आता |sin T| = 0 असो किंवा sin²T = 0 असो, दोन्हींतून sin T = 0 मिळते, आणि धन संख्यांमध्ये sin T = 0 होण्यासाठी T ही π, 2π, 3π यांपैकीच असावी लागते. त्यांतली सर्वांत लहान π आहे. सिद्धता संपली, आणि दोन्ही फलनांना तीच पुरते. x = 0 निवडण्यामागे युक्ती एवढीच, की तिथे फलनाची किंमत सर्वांत कमी आहे आणि ती किंमत मोजक्याच ठिकाणी येते. त्याऐवजी π/6 घेतला असता, तर तीच किंमत 5π/6 लाही मिळाली असती आणि 2π/3 हा आवर्तकाल असल्याचा भास झाला असता. एका x ला जमलेली गोष्ट प्रत्येक x ला जमते असे नाही.

आता ‘निम्मा होतो’ या नियमाविषयी. |sin x + ½| हे फलन घ्या. sin x + ½ चा वक्र −½ पासून 3/2 पर्यंत जातो. तो −π/6 ते 7π/6 या रुंद पट्ट्यात अक्षाच्या वर आणि 7π/6 ते 11π/6 या अरुंद पट्ट्यात खाली असतो. खालचा भाग वर घेतल्यावर एक मोठा उंचवटा मिळतो, 3/2 उंचीचा, आणि शेजारी एक छोटा, ½ उंचीचा. मोठा, छोटा, मोठा, छोटा असा क्रम सुरू राहतो, म्हणून चित्र पुन्हा जुळण्यासाठी पूर्ण 2π पुढे जावे लागते. 3/2 ही किंमत फक्त π/2, 5π/2 अशा 2π अंतरावरच्या बिंदूंवर येते, हीच त्याची सिद्धता. केवलमूल्याऐवजी वर्ग केला, तरी तेच घडते. |tan x| चे उदाहरण आणखी छोटे आहे: tan x चा आवर्तकाल π, आणि |tan x| चाही π.

नियम खरा कधी असतो? मूळ फलनाचा आवर्तकाल T असेल आणि T/2 इतके पुढे गेल्यावर केवळ चिन्ह बदलत असेल, म्हणजे f(x + T/2) = −f(x) असेल, तर केवलमूल्याची आणि वर्गाची पुनरावृत्ती T/2 इतक्या अंतराने होते. sin x ही अट पाळतो, sin x + ½ पाळत नाही, tan x ही पाळत नाही. घाताविषयीही याच अटीतून समजते: sin³x मध्ये चिन्ह पुसले जात नाही, म्हणून त्याचा आवर्तकाल 2π राहतो, तर sin⁴x चा π होतो. कोन बदलला असेल, तर मिळालेल्या उत्तराला x च्या सहगुणकाने भागावे. |sin 3x| चा आवर्तकाल π/3 आणि sin²(x/2) चा 2π.

लिहिण्यातला एक घोटाळाही इथेच दूर करतो. |sin x| आणि sin|x| ही निराळी फलने आहेत. sin|x| मध्ये उजवीकडचा वक्र तसाच राहतो आणि डावीकडे त्याचे Y-अक्षातले प्रतिबिंब येते. त्यामुळे −π ते 0 आणि 0 ते π असे दोन उंचवटे लागोपाठ वर असतात आणि त्यांच्यामध्ये, x = 0 ला, एक कोपरा पडतो. हे फलन आवर्ती असते तर तसा कोपरा पुढे पुन्हा आला असता. पण इतर सर्व ठिकाणी वक्र गुळगुळीत आहे, म्हणून ते आवर्ती नाही. तसेच sin²x म्हणजे (sin x)², sin(x²) नव्हे. sin(x²) ची धन बाजूची शून्ये सुमारे 1.77, 2.51, 3.07, 3.54 अशी येतात, त्यांच्यामधले अंतर घटत जाते, आणि ते फलनही आवर्ती नाही.

सराव म्हणून |sin x| + |cos x| घ्या. दोन्ही पदांचा आवर्तकाल π आहे, म्हणून लसावि काढून π असे उत्तर देण्याचा मोह होतो, आणि वस्तुनिष्ठ परीक्षांत तो पर्याय ठेवलेलाही असू शकतो. पण त्या बेरजेचा वर्ग करून पाहा:

(|sin x| + |cos x|)² = 1 + 2|sin x cos x| = 1 + |sin 2x|

उजव्या बाजूचा आवर्तकाल π/2 आहे, आणि बेरीज धन असल्यामुळे तिचा आवर्तकाल तिच्या वर्गाइतकाच, म्हणजे π/2 येतो. π/2 इतके सरकल्यावर दोन पदे एकमेकांच्या जागी जातात आणि बेरीज तीच राहते, हे लसाविला कळत नाही. हा आलेख 0 ते π मध्ये काढताना तळ y = 1 वर ठेवा, माथे π/4 आणि 3π/4 ला √2 उंचीवर घ्या, आणि 0, π/2, π या ठिकाणी कोपरे काढायला विसरू नका, कारण त्या प्रत्येक ठिकाणी दोनपैकी एका पदाला कोपरा असतो. sin²x + cos²x हीच बेरीज वर्गांची केली, तर आलेख y = 1 ही आडवी रेषा होते; तिथे कोणतीही धन संख्या चालते, म्हणून सर्वांत लहान अशी संख्याच उरत नाही आणि आवर्तकाल सांगताच येत नाही.